अबंधित निधीत अबंधित किती?

वित्त आयोगाचा किती निधी ग्रामपंचायतींच्या खात्यात पडून आहे, याचा आकडा बाहेर आला की आपल्याकडे एक ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते की गावांना पैसा खर्च करण्याचीही अक्कल नाही, म्हणून अटी आणखी कडक करा. दुसरी बाजू म्हणते की अटींमुळेच पैसा पडून राहतो, म्हणून सगळा निधी अबंधित करा आणि सरपंचांवर विश्वास ठेवा. दोन्ही बाजूंचे भांडण बंधित आणि अबंधित यांच्या प्रमाणावर, म्हणजे साठ-चाळीस असावे की चाळीस-साठ यावर चाललेले असते. मला हा वाद चुकीच्या जागी घातलेला वाटतो. कागदावर अबंधित असलेली रक्कम ग्रामसभेपर्यंत पोचण्याआधीच केंद्रपुरस्कृत योजनांचा हिस्सा, त्या योजनांच्या देखभालीचा खर्च आणि राज्य शासनाचे आदेश यांत बांधली जाते. तेव्हा मोजायचे ते शेवटी हातात उरणाऱ्या मोकळ्या रुपयाला. आणि अट घालायचीच असेल तर ती निर्णय कसा झाला, हिशेब कुठे मांडला आणि किमान सेवा कोणापर्यंत पोचली यावर असावी. पैसा कोणत्या लेखाशीर्षाखाली खर्च करायचा हे दिल्लीने किंवा मुंबईने ठरवू नये.

आधी व्यवस्था थोडक्यात पाहू. एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालील पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांना 2,36,805 कोटी रुपयांचे अनुदान सुचवले. महाराष्ट्रात त्याची वाटणी ग्रामपंचायतींना 80 टक्के आणि पंचायत समिती व जिल्हा परिषद यांना प्रत्येकी 10 टक्के अशी झाली. यातला 60 टक्के भाग बंधित होता. त्यापैकी निम्मा स्वच्छता आणि हागणदारीमुक्ती टिकवण्यासाठी, तर निम्मा पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संकलन आणि सांडपाण्याचा पुनर्वापर यांसाठी होता. उरलेला 40 टक्के अबंधित भाग राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या 29 विषयांपैकी गावाला ज्याची निकड वाटेल त्यावर खर्चायचा, मात्र पगार आणि आस्थापना यांवर नाही. त्याआधीच्या, वाय. व्ही. रेड्डी यांच्या चौदाव्या आयोगाने असे विषयवार वाटे घातले नव्हते. मूलभूत सेवांसाठी खर्च करा एवढेच म्हटले होते, आणि 90 टक्के रक्कम मूळ अनुदान म्हणून, तर 10 टक्के कामगिरीवर ठेवली होती. म्हणजे विषयवार बंधन हा वित्त आयोगांचा काही प्राचीन रिवाज नव्हे.

आता एक गाव घेऊ. गाव काल्पनिक आहे, पण हिशेब ओळखीचा वाटेल. दुष्काळी पट्ट्यातले दोन हजार वस्तीचे गाव, घरपट्टी आणि पाणीपट्टी मिळून वर्षाची वसुली दोन लाखांच्या आतबाहेर, आणि वित्त आयोगाकडून, सोयीसाठी धरू, वर्षाला दहा लाख रुपये. नियमाप्रमाणे तीन लाख स्वच्छतेला, तीन लाख पाण्याला आणि चार लाख अबंधित. गावाची खरी अडचण अशी की ओढ्यापलीकडची वस्ती पावसाळ्यात तुटते. मुलांची शाळा बुडते, आजाऱ्याला खांद्यावर आणावे लागते. ग्रामसभेने एकमुखाने ओढ्यावर लहानसा पूल मागितला आहे. सहा लाखांच्या बंधित निधीतून हा पूल होणार नाही, कारण तो पाणीही नाही आणि स्वच्छताही नाही. चार लाखांतून होईल का?

त्या चार लाखांचे काय होते ते पाहा. आपले सरकार सेवा केंद्रातल्या संगणक परिचालकापोटी बरीच वर्षे ग्रामपंचायतींना याच निधीतून दरमहा बारा हजारांच्या वर रक्कम भरावी लागत असे. तो झाला वर्षाचा दीड लाख. मग आले पथदिवे. ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांच्या विजेचा भार पूर्वी राज्य शासन जिल्हा परिषदांमार्फत उचलत असे. 2021 च्या जूनमध्ये ग्रामविकास विभागाने आदेश काढला की पथदिव्यांची देयके अबंधित निधीतून आणि पाणीपुरवठ्याची देयके बंधित निधीतून भरावीत. सरपंचांनी ओरड केली, ठिकठिकाणी महावितरणने दिवे तोडले आणि शेवटी बहुतेकांनी मुकाट्याने भरणा सुरू केला. आपल्या गावाचे हे देयक वर्षाला सत्तर हजार धरले तर चार लाखांतले एक लाख ऐंशी हजार उरले. त्यातही विकास आराखड्याच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आरोग्य, शिक्षण, उपजीविका, महिला व बालकल्याण असे वाटे सांगितलेले असतात. पुलाचा प्रश्न पुढच्या वर्षावर जातो आणि पुढच्या वर्षी हेच आकडे पुन्हा समोर येतात.

पाण्याचे तीन लाख तरी गावाच्या मर्जीचे आहेत का? जल जीवन मिशनमधून गावात नवी नळयोजना झाली असे समजू. 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या या योजनेत महाराष्ट्रासाठी केंद्र आणि राज्य यांचा वाटा निम्मा-निम्मा आहे. माणशी रोज 55 लिटर पाणी घरात नळाने द्यायचे आणि योजना बांधून झाली की ती चालवायची जबाबदारी ग्रामपंचायतीची. नव्या योजनेचा पंप मोठा, जलवाहिनी लांब, टाकी उंच. विजेचे देयक महिन्याला वीस हजार आले तरी वर्षाचे दोन लाख चाळीस हजार झाले. मग उरलेल्या साठ हजारांत व्हॉल्व्ह बदलायचे, गळती काढायची, ब्लीचिंग पावडर आणायची. पाणीपट्टी वाढवावी म्हटले तर मार्च उजाडताच विहीर आटते आणि नळ कोरडे पडतात; कोरड्या नळाची पट्टी भरायला कोण तयार होईल? विहिरीचे पुनर्भरण, चर, बंधारे यांवर बंधित निधी खर्च करायला मुभा आहे हे खरे, पण तो पैसा आधीच विजेत गेलेला असतो. योजनेला पैसे कोणी दिले याची फलकावर नोंद होते. ती चालवण्याने गावाचे कोणते पर्याय संपले याची नोंद कुठेच होत नाही.

स्वच्छतेच्या तीन लाखांची गोष्ट आणखी बोलकी आहे. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचरा आणि सांडपाणी व्यवस्थापनासाठी माणशी दर ठरवून दिले आहेत. पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावात घनकचऱ्यासाठी 60 रुपये आणि सांडपाण्यासाठी 280 रुपये. दोन हजार वस्तीला हे अनुक्रमे एक लाख वीस हजार आणि पाच लाख साठ हजार, एकूण सहा लाख ऐंशी हजार होतात. यातला 70 टक्के भाग मिशनने द्यायचा आणि 30 टक्के ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा. तो वाटा दोन लाख चार हजार रुपयांचा. म्हणजे योजना ज्या वर्षी गावात येते त्या वर्षी स्वच्छतेच्या तीन लाखांपैकी दोन लाख तिच्याकडे गेले. हा खर्च दरसाल होत नाही, हे खरे आहे. पण इथे तत्त्वाचा घोटाळा आहे. वित्त आयोगाचे अनुदान हा केंद्राच्या मर्जीचा दानधर्म नव्हे. ते घटनेच्या 280 व्या कलमातल्या तरतुदीनुसार, स्वतंत्र आयोगाच्या शिफारशीने, स्थानिक संस्थांच्या साधनांना पूरक म्हणून येते. केंद्रपुरस्कृत योजना मात्र 282 व्या कलमाच्या आधारे, केंद्र सरकारच्या निर्णयाने चालतात. दुसऱ्या प्रकारच्या खर्चाचा वाटा पहिल्या प्रकारच्या पैशातून भरायला लावणे म्हणजे आयोगाने स्थानिक संस्थांना दिलेले मंत्रालयांनी परत आपल्या कामाला जुंपणे होय.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की मग सगळाच निधी अबंधित करा आणि वाद मिटवा. तो मार्गही मला मान्य नाही, कारण अटींच्या बाजूने असलेली काही कारणे वजनदार आहेत आणि ती नुसती हसण्यावारी नेऊन चालणार नाही. पहिले कारण परिणामांच्या व्याप्तीचे. एका गावाने सांडपाणी नदीत सोडले तर त्याचा त्रास खालच्या गावाला होतो. वरच्या गावाच्या ग्रामसभेला खालच्या गावाची काळजी असेलच असे नाही, त्यामुळे स्वच्छतेवर गाव स्वतःहून जेवढा खर्च करील तो गरजेपेक्षा कमीच असणार. अशा ठिकाणी वरून काही पैसा बांधून देणे अर्थशास्त्राच्या कसोटीवर टिकते. दुसरे कारण मोकळ्या निधीचा पूर्वानुभव. स्वागत कमानी, पेव्हर ब्लॉक, सभामंडप आणि एकाच रस्त्याचे वारंवार काँक्रिटीकरण ही कामे आपण सर्वांनी पाहिली आहेत. ठेकेदार, टक्केवारी आणि दिसणारे काम यांची सांगड गावपातळीवरही तितकीच घट्ट आहे जितकी मंत्रालयात.

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे आणि ते डॉ. आंबेडकरांचे आहे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी खेडे म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे आगर असल्याचे बजावले होते आणि मसुद्याने गावाऐवजी व्यक्तीला एकक मानले याचा आनंद व्यक्त केला होता. ज्या गावात दलित वस्तीला पाणवठ्यावर जाऊ दिले जात नव्हते, त्या गावाच्या बहुमताच्या हाती मोकळा पैसा द्या असे म्हणणाऱ्याने या आक्षेपाचे उत्तर द्यायलाच हवे. विकेंद्रीकरणाचे पुष्कळ समर्थक ते देत नाहीत. गाव म्हणजे जणू एकदिलाने नांदणारे कुटुंब, असे गृहीत धरून ते पुढे जातात.

पण या तिन्ही कारणांतून लेखाशीर्षवार बंधन सिद्ध होते का? तिसऱ्यापासून पाहू. 30 टक्के निधी पाण्यावर खर्च करा, या अटीने जलवाहिनी दलित वस्तीपर्यंत जाईलच याची कोणती हमी मिळते? ती वस्तीच्या अलीकडे शंभर मीटरवर थांबली तरी खर्च पाण्याच्याच शीर्षाखाली नोंदला जातो आणि उपयोगिता प्रमाणपत्र बिनचूक निघते. वंचितांना संरक्षण देतात त्या अटी वेगळ्या जातीच्या आहेत: सरपंचपदाचे आणि सदस्यत्वाचे आरक्षण, लोकसंख्येच्या प्रमाणात वस्तीवर खर्च, वस्तीनिहाय प्रसिद्ध होणारा हिशेब, महिलांची स्वतंत्र सभा, तक्रार केल्यावर गावाबाहेरच्या अधिकाऱ्याने करायची चौकशी. स्वतःच्या उत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करण्याचे बंधन महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींवर आहेच. ते कोणासाठी खर्च करायचा हे सांगते, कशावर करायचा हे नाही. आंबेडकरांच्या आक्षेपाचे उत्तर या दिशेला आहे. 'पाणी' आणि 'स्वच्छता' असे डबे पाडल्याने त्याचे उत्तर मिळत नाही.

सिमेंटचा आक्षेपही असाच तपासता येतो, आणि तो तपासायला समिती नेमण्याची गरज नाही. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा कोणालाही पाहता येतो. तिथली बंधित निधीची कामे वाचून पाहा. बंदिस्त गटार, भूमिगत गटार, गटार दुरुस्ती, कचराकुंड्या खरेदी, घंटागाडी. गटार बांधले जाते, पण ते कुठे सोडायचे याची तजवीज नसते, म्हणून ते गावाबाहेरच्या नाल्यात उघडते आणि ज्या खालच्या गावाच्या नावाने अट घातली होती त्याच गावाकडे घाण आणखी वेगाने वाहते. म्हणजे बंधनाने सिमेंट थांबलेले नाही. कमानीऐवजी ते गटारात गेले एवढेच. अट खर्चाच्या शीर्षावर असली की ठेकेदाराला त्या शीर्षात बसणारे काम शोधणे मुळीच कठीण नसते. हीच अट जर 'गावाबाहेर पडणारे सांडपाणी शोषखड्ड्यातून किंवा स्थिरीकरण तळ्यातून गेलेले असले पाहिजे' अशी परिणामावर असती, तर गाव तो परिणाम लाखात साधते की दहा हजारात, हे गावाने ठरवले असते.

आणखी एक विसंगती आहे आणि ती मला सर्वांत अन्यायकारक वाटते. औद्योगिक वसाहतीलगतच्या एखाद्या ग्रामपंचायतीचे स्वतःचे कर उत्पन्न कोटीच्या घरात असते. पाण्यावर ती आधीच वर्षाला वीस-पंचवीस लाख खर्च करते. तिला पाण्यासाठी बंधित पाच लाख मिळाले तर ती ते पाण्यावर दाखवते, स्वतःचे तेवढेच पाच लाख मोकळे करते आणि त्यातून हवे ते काम करते. तिच्यासाठी बंधित निधी व्यवहारात अबंधितच असतो. ज्या गावाकडे स्वतःचे काहीच नाही, त्याला असा बदल करता येत नाही. त्याच्याकडे येणारा प्रत्येक रुपया ज्या शीर्षाचा शिक्का घेऊन येतो त्याच शीर्षावर खर्च होतो. म्हणजे बंधन सगळ्यांवर सारखे दिसते, पण काचते फक्त गरिबाला. साठ-चाळीसच्या चर्चेत हा मुद्दा येतच नाही, कारण ती चर्चा सरासरी ग्रामपंचायतीची असते. सरासरी ग्रामपंचायतीत कोणी राहत नाही.

एखाद्या गावाने पाण्याची गरज खरोखर भागवली तर निदान मग तरी मोकळीक मिळते का? पंधराव्या आयोगाच्या निधीसाठीच्या सूचनांत मुभा अशी होती की बंधित निधीतल्या एका बाबीची गरज पूर्ण भागली असेल तर तो पैसा दुसऱ्या बंधित बाबीसाठी वापरावा. पाणी पुरेसे असेल तर गटारे करा, गटारे झाली असतील तर पाणी करा. दोन्ही झाले असेल आणि ओढ्यावरचा पूल राहिला असेल तर? त्याचे उत्तर त्या मुभेत नाही. मग पैसा पडून राहतो आणि लेखाच्या सुरुवातीला म्हटलेला अखर्चित निधीचा आकडा फुगतो. सगळा अखर्चित निधी असाच साचतो असे मी म्हणत नाही. तांत्रिक मंजुरीसाठी पंचायत समितीत एका अभियंत्याकडे असलेली डझनावारी गावे, सरपंच बदलल्यावर डिजिटल स्वाक्षरीच्या नोंदणीत जाणारे महिने, दुसरा हप्ता फेब्रुवारीत येणे ही कारणेही आहेत. पण खात्यात शिल्लक दिसली की गावाला काम सुचत नाही असा निष्कर्ष काढणाऱ्याने, ती शिल्लक बंधित खात्यातली आहे की अबंधित, एवढे तरी पाहून घ्यावे.

हा झगडा नवा नाही. लॉर्ड रिपन यांनी 18 मे 1882 च्या ठरावात स्थानिक संस्थांवर सरकारचे नियंत्रण आतून नव्हे तर बाहेरून असावे असा आग्रह धरला होता. सरकारने चुकीचे काम तपासावे, रोखावे, पण रोज काय करायचे ते सांगू नये. परकीय राजवटीतला तो ठराव प्रांतिक नोकरशाहीने फारसा मनावर घेतला नाही, हे वेगळे सांगायला नको. स्वातंत्र्यानंतर 2 ऑक्टोबर 1952 रोजी सुरू झालेल्या समुदाय विकास कार्यक्रमात प्रत्येक गटासाठी दिल्लीतून ठरलेले साचेबंद अंदाजपत्रक आले. तो कार्यक्रम लोकांचा न होता अधिकाऱ्यांचा राहिला, आणि त्यातूनच 1957 च्या बलवंतराय मेहता समितीने अधिकार व पैसा असलेल्या निर्वाचित संस्था उभारण्याची शिफारस केली. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. त्या कायद्यात सहेतुक अनुदान होते, आस्थापना अनुदान होते, तूट भरून काढणारे अनुदान होते आणि स्थानिक उपकर वाढवणाऱ्या संस्थेला त्याच्या जोडीने द्यायचे अनुदानही होते. पुढच्या दशकांत सहेतुक आणि आस्थापना या दोनच प्रकारांनी अंदाजपत्रक व्यापले. आज कोणत्याही जिल्हा परिषद सदस्याला विचारा, 'आमच्या हातात काय, तर सेस फंड' हेच उत्तर मिळते. शेकडो कोटींच्या अंदाजपत्रकात सभागृहाच्या मर्जीने हलणारा पैसा तेवढाच.

राज्यांच्या पातळीवर हेच आधी घडून गेले होते, आणि ते रोखण्याचा प्रयत्न एका मराठी अर्थशास्त्रज्ञाच्या काळात झाला, म्हणून आपल्याला त्याचे विशेष स्मरण असायला हवे. धनंजयराव गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष असताना राज्यांना मिळणारे केंद्रीय साहाय्य योजनावार अटींतून सोडवून सूत्राने द्यायचे ठरले, आणि त्यासोबत केंद्रपुरस्कृत योजनांचा आकार एकूण केंद्रीय साहाय्याच्या एक षष्ठांशापेक्षा मोठा असू नये अशी मर्यादा घातली गेली. 1969 पासून आलेले सूत्र गाडगीळ सूत्र म्हणून टिकले, मर्यादा मात्र टिकली नाही. प्रत्येक मंत्रालयाला आपली योजना हवी होती आणि प्रत्येक योजनेला आपले नाव. 2015 मध्ये मुख्यमंत्र्यांच्या उपगटाने योजनांची संख्या सहसा तीसपेक्षा जास्त नसावी अशी शिफारस केली आणि 2016 मध्ये 66 योजना 28 छत्र-योजनांत आणल्या गेल्या. बहुतेक राज्यांना 60:40 चे प्रमाण लागू झाले आणि योजनेतील 25 टक्के रक्कम लवचीक ठेवण्याची सोय झाली. ती लवचीकता मिळाली राज्याच्या विभागाला. जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांच्यापर्यंत ती उतरली नाही. दिल्लीशी भांडताना राज्ये जो युक्तिवाद करतात, तोच आपल्या गावांनी केला की त्यांना ऐकू येत नाही.

अटी कशा असाव्यात याचे एक देशी उदाहरण केरळचे आहे. 1996 च्या लोकयोजना मोहिमेत राज्याच्या योजना-खर्चापैकी 35 ते 40 टक्के भाग स्थानिक संस्थांकडे द्यायचे ठरले आणि बहुतांश रक्कम मोकळी होती. मोकळी म्हणजे बेलगाम नव्हे. उत्पादक क्षेत्रावर किमान अमुक, रस्त्यांसारख्या बांधकामावर कमाल अमुक, आणि महिलांसाठीच्या घटक योजनेवर किमान 10 टक्के, अशा ढोबळ सीमा होत्या. सिमेंटवर वरची मर्यादा आणि दुर्लक्षितांसाठी खालची मर्यादा, मध्ये निवडीला जागा. या प्रयोगातही दोष राहिले. प्रभागनिहाय पैसा वाटून घेण्याची वृत्ती तिथेही होती आणि लहान लहान प्रकल्पांत निधी विखुरला. तरीही आपली शाळा, आपले प्राथमिक आरोग्य केंद्र, आपली भातशेती यांत प्राधान्य कशाला द्यायचे यावर तिथे खरी भांडणे झाली, कारण भांडून मिळण्यासारखे काहीतरी समोर होते. आपल्या ग्रामसभांची गणपूर्ती का होत नाही याची कारणे शोधताना, ग्रामसभेने ठरवण्यासारखे शिल्लक काय होते, हा प्रश्नही विचारायला हवा.

महाराष्ट्रानेही एक चांगला नमुना घालून दिला आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील 5 टक्के निधी थेट देण्याचा निर्णय 2015 मध्ये झाला. पेसाचा अबंध निधी म्हणून तो ओळखला जातो. त्यात पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण आणि वन, वन्यजीव व जलसंधारण असे चार व्यापक विषयगट दिले आहेत आणि नेमके काम ग्रामसभेने ठरवायचे आहे. या व्यवस्थेतही त्रुटी आहेत. पण जे आपण आदिवासी गावांना देऊ शकतो ते इतर गावांना देणे अशक्य आहे असे म्हणता येत नाही.

प्रक्रियेवरच्या अटी आपोआप चांगल्या ठरतात असेही नाही. लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन मांडा ही अट योग्य आहे, कारण ती पूर्ण करणे ग्रामपंचायतीच्या हातात आहे. निर्वाचित संस्था असल्याशिवाय निधी नाही, ही अटही तत्त्वतः योग्यच. पण महाराष्ट्रात 2022 पासून कित्येक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांवर प्रशासक बसले. निवडणुका रखडल्या त्या आरक्षणाच्या न्यायालयीन वादात, आणि निधी अडला तो जिल्ह्यातल्या लोकांचा. ज्याने अट मोडली त्याला शिक्षा नाही आणि ज्याच्या हातात काहीच नव्हते त्याला आहे. अशा अटीचा भार राज्याच्या स्वतःच्या वाट्यावर पडला पाहिजे, म्हणजे निवडणुका वेळेवर घेण्याची घाई योग्य त्या दालनात निर्माण होईल.

शेवटचा आक्षेप करवसुलीचा. बिनशर्त पैसा मिळाला की गावे घरपट्टी वसूल करायचे सोडून देतात, असे म्हणतात, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. मतदारांकडे थकबाकी मागायला सरपंचाला जड जाते आणि अनुदान आले की तो ताण टळतो. याला उत्तर 1961 च्या कायद्यातच होते: जेवढी वसुली वाढेल तेवढी जोड द्यायची. दोन लाखांची वसुली तीन लाख करणाऱ्या गावाला वरचा एक लाख मोकळा दिला, तर कर भरणाऱ्याला आपला रुपया दुप्पट होऊन ओढ्यावरच्या पुलात दिसेल. मात्र वसुलीची तुलना गावाच्या स्वतःच्या मागच्या वर्षाशी हवी, शेजारच्या कारखानदारी गावाशी नको. नाहीतर हाही पैसा ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच जाईल.

केंद्राने काय करावे याची यादी लांबवता येईल. केंद्रपुरस्कृत योजनेचा वाटा वित्त आयोगाच्या अनुदानातून भरायला लावू नये, योजना मंजूर करतानाच पुढच्या दहा वर्षांचा वीज व देखभालीचा अंदाज ग्रामसभेपुढे ठेवावा, तो पाहून योजना नाकारण्याचा किंवा लहान करून मागण्याचा अधिकार ग्रामसभेला द्यावा, आणि किमान सेवा गाठल्याचे बाहेरच्या तपासणीत सिद्ध झाले की बंधित रक्कम पूर्ण मोकळी करावी. पण यातले काहीही होण्याची वाट न पाहता मुंबईत करता येण्यासारखी गोष्ट आहे. पथदिव्यांचा खर्च राज्याने पूर्वीप्रमाणे स्वतःच्या अंदाजपत्रकात परत घ्यावा, सेवा केंद्रांचा खर्च ज्या विभागांचे दाखले तिथून दिले जातात त्या विभागांवर टाकावा. आपल्या दोन हजार वस्तीच्या गावात त्याने वर्षाला दोन लाख वीस हजार रुपये मोकळे होतात. ओढ्यावर नळे टाकून केलेली लहान मोरी दोन वर्षांच्या तेवढ्या पैशात उभी राहू शकते, आणि त्यासाठी साठ-चाळीसच्या प्रमाणात एका टक्क्याचाही बदल करावा लागत नाही.